इवूतून टोपल्या पाठवताना चिनी नाव कोणी लिहायचं: दुकानदाराने, ब्रोकरने की आपण?

चीनच्या इवू या घाऊक बाजाराच्या शहरात सोर्सिंगचं काम करताना सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो. पुण्या-मुंबईची मंडळी इथून हस्तकलेचा माल उचलतात, भाव ठरतो, पेमेंट होतं आणि मग निंगबो बंदरातून कंटेनर निघायच्या चार दिवस आधी कुणीतरी विचारतं की चीनच्या एक्सपोर्ट डिक्लेरेशनवर मालाचं नाव चिनीत काय टाकायचं. बहुतेकांना वाटतं ही कस्टम्स ब्रोकरची कटकट आहे, आपला काय संबंध. संबंध आहे, कारण त्या एका ओळीवर एचएस कोड म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा नंबर ठरतो, त्यावर कारखान्याचा व्हॅट रिफंड ठरतो आणि चुकलं तर माल बंदरावर अडकतो, तो कोणाचा तर आपला.

फॉर्मवर या कामासाठी एकच रकाना आहे, 商品名称及规格型号 म्हणजे मालाचं नाव आणि तपशील, आणि तो दोन ओळींत भरायचा असतो. पहिल्या ओळीत मालाचं प्रमाण चिनी नाव, दुसऱ्या ओळीत तपशील. तपशिलात काय काय लिहायचं हे प्रत्येक कोडप्रमाणे ठरलेलं असतं, त्याला 申报要素 म्हणतात आणि कस्टम्सने त्याची पूर्ण यादीच छापलेली आहे. म्हणजे इथे कल्पकतेला वाव नाही, ठरलेल्या प्रश्नांची ठरलेल्या क्रमाने उत्तरं द्यायची असतात. आता ती उत्तरं लिहिणारे तीन जण असू शकतात आणि तिघांचा माल एकच असला तरी नाव तीन प्रकारचं येतं.

उदाहरण म्हणून टोपल्याच घेऊ, कारण घोळ सगळ्यात जास्त तिथेच होतो. समजा ४०० सेट आहेत, एका सेटमध्ये एकात एक बसणाऱ्या तीन टोपल्या, आत सुती अस्तर. एका सेटचं वजन १.१ किलो, त्यात विणकाम ९०० ग्रॅम, काठाला गुंडाळलेली वेताची पट्टी ८० ग्रॅम, अस्तर १२० ग्रॅम.

पहिला पर्याय, दुकानदाराच्या बिलावरचं नाव जसंच्या तसं उचलायचं. बिलावर हमखास 工艺品 म्हणजे हस्तकलेची वस्तू, किंवा 礼品 म्हणजे भेटवस्तू, किंवा फार तर 藤篮 म्हणजे वेताची टोपली असं लिहिलेलं असतं. पहिली दोन नावं कस्टम्सच्या दृष्टीने नावंच नाहीत, कारण त्यांच्या नियमात सरळ म्हटलंय की नाव आणि तपशील इतका पुरेसा हवा की त्यावरून वर्गीकरण, किंमत आणि परवाने तपासता येतील. 工艺品 वरून माल लाकडाचा आहे, चिनी मातीचा आहे की रेझिनचा हेच कळत नाही, मग कोड कुठून काढणार? हाच पोकळ शब्द लाकडी पेटीला 4420 मध्ये, चिनी मातीच्या बाहुलीला 6913 मध्ये आणि रेझिनच्या मूर्तीला 3926.40 मध्ये चिकटवता येतो. आणि 藤篮 म्हणाल तर बाजारात कुठल्याही गोल विणलेल्या गोष्टीला सर्रास 藤 म्हणतात, दुकानदारीण खोटं बोलत नसते, तिच्या तोंडात तो शब्दच बसलाय. फुकटचं काम, पण माझ्या मते मोठ्या ऑर्डरला हा पर्याय विचारातच घेऊ नका.

दुसरा पर्याय, ब्रोकरचं तयार टेम्प्लेट. त्याच्याकडे मागच्या शंभर शिपमेंटचं सेव्ह केलेलं असतं, तुम्ही व्हीचॅटवर फोटो टाकला की तो दहा मिनिटांत ओळ पाठवतो आणि ओळ दिसायला एकदम परफेक्ट असते, सगळे रकाने भरलेले, क्रम बरोबर. गोम अशी की ती दुसऱ्याच टोपलीची असते. आमच्याच बाबतीत झालेलं सांगतो, ब्रोकरने जुन्या ऑर्डरमधून 藤编 म्हणजे वेताचं विणकाम अशी ओळ उचलली, आम्हीही फॉरमॅट छान दिसतोय म्हणून पुढे ढकलली, आणि नेमका तोच कंटेनर तपासणीला निघाला. अधिकाऱ्याने खोका उघडला, टोपली उलटी केली, आत होतं 柳编 म्हणजे विलोच्या काड्यांचं विणकाम. डिक्लेरेशन दुरुस्त करेपर्यंत जहाज गेलं आणि पुढच्यासाठी सहा दिवस थांबावं लागलं. चूक ब्रोकरची असं आम्ही म्हणत होतो, पण त्याने टोपली हातात घेतलीच नव्हती, घेतली होती आम्ही.

तिसरा पर्याय म्हणजे आपण स्वतः मालाची तपशील-शीट करायची आणि ब्रोकरला द्यायची, मग तो फक्त कोड आणि क्रम तपासतो. याला अर्धा दिवस जातो, कारण कारखान्याला प्रश्न विचारावे लागतात आणि उत्तर 'हो हो तेच' असं येतं. पण टोपलीच्या बाबतीत खरी माहिती तुमच्या डोळ्यांसमोर असते, तोडलेली एक काडी पुरते. विलोची काडी सोललेली डहाळी असते, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, मध्ये मध्ये डोळे दिसतात. वेत लांबपर्यंत एकाच जाडीचा असतो आणि आडवा कापला की बारीक छिद्रांची चाळण दिसते. बांबू चपट्या पट्ट्यांचा, एका बाजूला चकचकीत साल. आणि जे फार एकसारखं, फार गुळगुळीत दिसतंय त्याला लायटर लावा, वितळून थेंब पडला तर तो प्लास्टिकचा नकली वेत, ज्याला 仿藤 म्हणतात.

हे चार शब्द म्हणजे फक्त भाषेचे बारकावे नाहीत, चार वेगळे कोड आहेत. बांबूची विणलेली टोपली 4602.11 मध्ये जाते, वेताची 4602.12 मध्ये, इतर वनस्पतीची 4602.19 मध्ये, प्लास्टिकची विणलेली 4602.90 मध्ये. आणि 4602.19 च्या आत चीनच्या टॅरिफमध्ये विलोच्या वस्तूंची वेगळी ओळ आहे, म्हणून नुसतं 'वनस्पतीची' लिहूनही भागत नाही. शिवाय बांबू, वेत, विलो, गवत यांच्या वस्तूंवर चीनमधून निघताना क्वारंटाईनची देखरेख असते, प्लास्टिकला ती नाही. त्यामुळे विलोला 仿藤 म्हटलं तर ते नुसतं चुकीचं नाव राहत नाही, तपासणी चुकवल्यासारखं दिसतं.

आपल्या ४०० सेटमध्ये वेत ८० ग्रॅम आहे आणि ९०० ग्रॅमचं विणकाम विलोचं, म्हणजे टोपलीचं मूळ स्वरूप विलोने ठरतं, काठावरच्या पट्टीने किंवा अस्तराने नाही. मग आमची शीट साधारण अशी जाते:

```
柳条编结储物篮
0|2|材质:柳条,藤条包边,棉布内衬|用途:家用储物|无品牌
```

पहिल्या ओळीत पदार्थ, तो कसा बनवला आणि वस्तू, याच क्रमाने, म्हणजे विलोच्या काड्यांची विणलेली साठवणीची टोपली, 'सुंदर', 'हाताने बनवलेली' वगैरे विशेषणं नाहीत. दुसऱ्या ओळीत कोणती कलमं कोणत्या क्रमाने हवीत ते त्या कोडच्या यादीतून घ्यायचं, माझी ओळ कॉपी-पेस्ट करू नका, नाहीतर मीच तुमचा टेम्प्लेटवाला ब्रोकर झालो.

सुरुवातीचे दोन आकडे ब्रोकर स्वतःच्या मनाने भरतो आणि नेमके तेच त्याला माहीत नसतात. पहिला ब्रँडचा प्रकार, 0 म्हणजे ब्रँड नाही. पण तुमच्या पुण्याच्या दुकानाचं कापडी लेबल अस्तरावर शिवलं असेल तर तो 3 होतो, म्हणजे परदेशी ब्रँडसाठी बनवलेला माल, आणि मग ब्रँडचं नावही द्यावं लागतं, कस्टम्सने विचारलं तर तुमचं परवानगीपत्रही. लेबल शिवायला सांगितलं आणि शीटवर 0 राहिला, हे फार कॉमन आहे. दुसरा आकडा आयात करणाऱ्या देशात सवलतीची ड्युटी घेणार का याचा, 0 नाही, 1 हो, 2 अजून ठरलेलं नाही. भारत आणि चीन दोघेही आप्टा या आशिया-पॅसिफिक व्यापार करारात आहेत, त्यामुळे मुंबईतला तुमचा क्लिअरिंग एजंट त्या कराराच्या मूळ देशाच्या सर्टिफिकेटवर सवलत मागणार आहे का ते त्याला आधी विचारा, तोवर 2.

मोजमापातही एक खड्डा आहे. तुम्ही सेटमध्ये खरेदी करता पण या कोडला कस्टम्स किलोत मोजतं, म्हणून ४०० सेटसोबत निव्वळ ४४० किलो लिहायचं, त्यात खोक्याचं वजन धरायचं नाही. आणि कारखाना रिफंड घेणार असेल तर त्याच्या व्हॅट इन्व्हॉइसवरचं नाव डिक्लेरेशनशी जुळायला हवं आणि एकक तरी डिक्लेरेशनवरच्या एखाद्या एककाशी. तिथे 藤篮 आणि 个 म्हणजे नग, इथे 柳条编结储物篮 आणि 套 म्हणजे सेट असं गेलं की रिफंड अडकतो आणि कारखान्याचा फोन तुम्हालाच येतो. म्हणून शीट आधी कारखान्याला, मग ब्रोकरला.

आता कोणता पर्याय घ्यायचा ते मालाच्या वाटेवर आहे. रिफंडवाला साधा व्यापार असेल, व्यापार-पद्धतीचा कोड 0110, आणि कंटेनरमध्ये एकाच प्रकारचा माल जास्त असेल तर तिसराच घ्या, अर्धा दिवस गेला तरी चालेल. चुकीच्या नावाचा दंडही छोटा नाही, नुसती आकडेवारी बिघडली तर १,००० ते १०,००० युआन, पण रिफंडवर परिणाम झाला तर जाहीर किमतीच्या १० ते ५० टक्के. आपले ४०० सेट ६.५ डॉलरने धरले तर माल २,६०० डॉलरचा, म्हणजे २६० ते १,३०० डॉलर फक्त एका शब्दापायी.

पण तुम्ही इवूच्या मार्केटमधून चाळीस दुकानांचा थोडा थोडा माल उचलताय आणि तो 1039 म्हणजे मार्केट खरेदी पद्धतीने जातोय तर गणित बदलतं. तिथे व्हॅट माफ असतो, रिफंडचा प्रश्नच नाही, एका डिक्लेरेशनला दीड लाख डॉलरची मर्यादा असते, आणि पाचपेक्षा जास्त प्रकार असतील तर किमतीने सगळ्यात मोठे पाच वेगळे दाखवून बाकीचे टॅरिफच्या प्रकरणाप्रमाणे एकत्र करता येतात. पण ज्या मालाला तपासणी-क्वारंटाईन लागते त्याला ही एकत्र करण्याची सवलत नाही, म्हणून विलो, वेत, बांबूच्या टोपल्या वेगळ्याच दाखवाव्या लागतात; एकत्र जाणाऱ्या बाकीच्या मालाला मात्र ब्रोकरच्या टेम्प्लेटने काम भागतं, मीही तेच करतो. फक्त सोबतच्या यादीत प्रत्येक वस्तू नावाने असतेच आणि खोका उघडला तर अधिकारी ती यादी हातात धरून बघतो, म्हणून तिथेही 工艺品 नको, किमान विलोची 柳篮, बांबूची 竹篮, नकली वेताची 仿藤篮 एवढं तरी बरोबर लिहा. आणि टोपल्यांसाठी इथेही काडी तोडून बघा आणि शीट स्वतः लिहा.