भार द्यायचा की क्रम लावायचा? रावेरच्या दहा एकरांचा हिशेब

लक्ष्यं एकमेकांच्या आड येतात तेव्हा गोल प्रोग्रामिंग वापरतात; त्यात लक्ष्यांना भार द्यायचा की त्यांचा क्रम लावायचा, ते एका उदाहरणावर पाहू. समजा रावेरला दहा एकर आहेत, x एकर केळी आणि y एकर कापूस. केळीला एकरी ५ एकक पाणी लागतं आणि नफा १ लाख, कापसाला २ एकक आणि ५० हजार. लक्ष्यं दोन: पाणी ३२ एककांत, नफा ९ लाख. दोन्ही एकत्र जमत नाहीत, म्हणून लक्ष्यापासून किती दूर राहिलो ते मोजणारी विचलन चलं घेतो. n म्हणजे तूट, p म्हणजे जादा; 1 पाण्यासाठी, 2 नफ्यासाठी.

```
5x + 2y + n1 - p1 = 32
x + 0.5y + n2 - p2 = 9
x + y <= 10
```

क्रम लावला तर आधी फक्त p1 कमीत कमी करायचा. तो शून्य येतो. मग p1 = 0 ही अट पक्की करून n2 कमी करायचा. उत्तर ४ एकर केळी, ६ एकर कापूस, तूट २ लाख. नफा आधी ठेवला तर केळी ८ एकर आणि पाणी १२ एकक जादा. विहीर खरंच आटत असेल तर मी पाणीच आधी ठेवीन. पण इथे एक एकक पाणी कितीही लाखांपेक्षा मोठं ठरतं.

भारांच्या पद्धतीत p1 आणि n2 यांना भार देऊन त्यांची बेरीज एकदमच कमी करतात. फसगत इथेच होते: समान भारांवर तूट लाखात मोजली तर केळी ४ एकर, हजारात मोजली तर ८! म्हणून प्रत्येक विचलन लक्ष्याच्या टक्क्यांत घ्या. मग नफ्याचा भार पाण्याच्या साधारण १.७ पटीपुढे गेला, की उत्तर ४ वरून थेट ८ वर उडी मारतं.