गळतीच्या तक्रारींचा फ्लोचार्ट: सात महिने वापरल्यावर

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. पाऊस सुरू झाला की ऑफिसात एकच भांडण: छत ओलं झालंय, खर्च कुणाचा? महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींमध्ये उत्तर आहे. गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, संडास-सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती त्या त्या सदनिकाधारकाने. पण पाणी नेमकं कुठून येतंय हे ठरवायचं कसं, ते उपविधी सांगत नाहीत. म्हणून मे महिन्यात ड्रॉ डॉट आयओवर एक फ्लोचार्ट काढला आणि लॅमिनेट करून ऑफिसात लावला. आज भिंतीवर आहे ती चौथी आवृत्ती. पहिल्या तीन का बदलाव्या लागल्या, तेच मुख्यतः लिहिते.

आकार तीनच ठेवले. सुरुवात आणि शेवट लंबगोलात, करायचं काम आयतात, प्रश्न शंकरपाळीत. पहिल्या आवृत्तीत मी हौसेने समांतरभुज चौकोन, ढग, कागदाचा आकार असं सगळं वापरलं होतं, वर लाल-हिरवे रंग. झेरॉक्स काढल्यावर लाल आणि हिरवा दोन्ही एकाच करड्या छटेत आले, आणि ढग म्हणजे काय हे मलाच महिन्याने आठवेना. आता रंग काढून टाकलेत. लांबून बघितलं तरी शंकरपाळी दिसली की इथे काहीतरी विचारलंय, एवढं वॉचमनलाही कळतं.

शंकरपाळीची एक अडचण मात्र सांगते, विशेषतः मराठीत लिहिणाऱ्यांना. बाहेरून ती मोठी दिसते, पण तिच्यात बसणारा मोठ्यात मोठा आयत निम्म्या रुंदीचा आणि निम्म्या उंचीचा असतो. म्हणजे 160 बाय 80 च्या शंकरपाळीत मजकुराला जागा मिळते जेमतेम 80 बाय 40. वेलांट्या-उकारांमुळे देवनागरीच्या ओळीला उंचीही जास्त लागते, त्यामुळे दोन ओळींतच कोपरे फुटतात. मी अक्षर लहान करत गेले आणि मग कुणाला वाचताच येईना. शेवटी सगळ्या शंकरपाळ्या 240 बाय 120 केल्या आणि प्रश्न सहा-सात शब्दांत बसवले. माप अरेंजच्या टॅबमध्ये आकडे टाकून द्यायचं, हाताने ओढून नाही. ओढलं की प्रत्येक थोडी वेगळी होते. बाकी रूप सारखं राहावं म्हणून एकेक शंकरपाळी निवडून Ctrl+E दाबायचं आणि सगळीकडे हीच ओळ चिकटवायची:

```
rhombus;whiteSpace=wrap;html=1;fontSize=14;
```

आता प्रश्नांकडे येते, कारण खरी गंमत तिथेच झाली. पहिल्या आवृत्तीत एक प्रश्न होता, "गच्चीतून येत नाही ना?" आमचे मॅनेजर काका म्हणाले, "हो." म्हणजे हो, येत नाही. बाणावरचं "हो" मात्र गच्चीच्या दुरुस्तीकडे जात होतं. आपल्याकडे "नाही ना?" ला हो आणि नाही दोन्ही उत्तरं एकाच अर्थाने देतात. त्या दिवसापासून नकारार्थी प्रश्न बंद. "गच्चीतून की बाथरूममधून?" हासुद्धा गेला, कारण त्याचं उत्तर हो-नाहीत बसत नाही.

पण त्याहून मोठी चूक दुसऱ्या आवृत्तीत होती. शंकरपाळीत लिहिलं होतं, "वरच्या फ्लॅटचा पाइप फुटलाय का?" प्रश्न सरळ, हो-नाहीचा. पण उत्तर कुणाला माहीत? वरचे म्हणणार नाही, खालचे म्हणणार हो. मग मी प्रत्येक अवघड प्रश्नाच्या आधी एक आयत घातला: उत्तर कसं काढायचं ते काम. शंकरपाळीत फक्त डोळ्यांनी दिसेल तेवढंच विचारायचं.

चौथी आवृत्ती अशी चालते. तक्रार आली की ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहायची, फोटो काढायचा. पहिला प्रश्न: ओल गच्चीखालच्या छताला आहे का? हो असेल तर सोसायटीचा खर्च. नाही, तर पुढे: ओल बाहेरच्या भिंतीला आहे का? हो असेल तर पुन्हा सोसायटी. नाही, तर वरच्या फ्लॅटचा मुख्य कॉक रात्री बंद करायचा आणि सकाळी बघायचं: थेंब थांबले का? थांबले तर वरच्यांच्या नळाच्या लाइनीत दोष. नाही थांबले, तर वरच्या बाथरूमच्या जाळीला बोळा घालून उंबऱ्याच्या आत मावेल एवढं, साधारण इंचभर पाणी साठवायचं, त्यात रंग मिसळायचा आणि 24 तास ठेवायचं. खाली रंग उतरला का? उतरला तर वरच्यांचं वॉटरप्रूफिंग. नाही, तर प्लंबरने डक्ट उघडून बघायचं: सामाईक पाइप गळतोय का? हो असेल तर सोसायटी, नाही तर स्ट्रक्चरल इंजिनिअर.

यात "हो" नेहमी उजवीकडे जाऊन संपतं आणि "नाही" नेहमी खाली जातं. आधी मी सवयीने "हो" खाली ठेवलं होतं आणि रेषा सापासारख्या वळत होत्या. मग एक युक्ती सुचली: प्रश्नच असा लिहायचा की "हो" म्हटलं की निकाल लागेल. म्हणून "अजून गळतंय का?" न विचारता "थेंब थांबले का?" विचारलं. सगळे सोसायटीवाले बाण एकाच लंबगोलात आणायचा मोहही सोडला. "सोसायटीचा खर्च" हा लंबगोल तीनदा काढला, तेव्हा एकही रेषा दुसरीला छेदत नाही.

बाण जोडताना मी बराच वेळ घालवला, तो अज्ञानामुळे. आकाराच्या कडेवर निळी चौकट उमटली असताना बाण सोडला तर तो तरंगता राहतो. आकार हलवला की भलत्याच बाजूने निघतो. बाण टोकावरच्या ठिपक्यावर नेला आणि तो हिरवा झाला, की तिथेच पक्का बसतो. शंकरपाळीला खालचं आणि उजवं टोक एवढीच दोन बाहेर जायला वापरायची. "हो" आणि "नाही" हे शब्द वेगळी मजकुराची पेटी टाकून लिहू नका. बाणावर डबल क्लिक करून लिहिले तर बाणाबरोबर हलतात.

मर्यादा आहेत. चित्र सुबक आलं म्हणजे तर्क बरोबर, असं नाही; एखाद्या शंकरपाळीतून एकच बाण निघाला तरी कुणी टोकत नाही. मी छापण्याआधी प्रत्येक शंकरपाळीवर बोट ठेवून दोन बाण मोजते. कॉक बंद करण्याची चाचणी थेंब पडत असतील तरच कामाची आहे. नुसती ओल असेल तर स्लॅब कितीतरी दिवस ओलाच राहतो आणि सकाळी फरक दिसत नाही. ऑगस्टमध्ये अशीच एक तक्रार आली आणि आम्ही उगाच पुढच्या चाचण्या करत बसलो. आता कॉकच्या आधी "थेंब पडताहेत का?" हा प्रश्न घालायचा आहे. तिथे "नाही" म्हटल्यावर थेट रंगाच्या चाचणीकडे उडी मारावी लागेल, आणि "हो"ने निकाल लागणार नाही, म्हणजे माझा उजवीकडे-खालीचा नियम पहिल्यांदा मोडेल. दोन दिवस कागदावर पेन्सिलीने खेळतेय, अजून मनासारखं बसलं नाही.

तक्रारी थांबल्यात असं नाही. पण वरच्या मजल्यावरच्या काकूंशी वाद घालायला आता मी जात नाही. मॅनेजर काका लॅमिनेट केलेला कागद आणि रंगाची पुडी घेऊन जातात.