प्राण्यांच्या दवाखान्याची वेबसाइट: गूगल फॉर्म, वर्डप्रेस की तयार सॉफ्टवेअर?

एक डॉक्टर, दोन मदतनीस, कुत्र्यांसाठी सहा केनेल. एवढ्या दवाखान्याला बोर्डिंगचं बुकिंग ऑनलाइन घ्यायचं असेल तर तीन रस्ते आहेत. गूगल फॉर्म आणि शीट, वर्डप्रेसवर बुकिंगचं प्लगइन, किंवा दर महिन्याला पैसे भरून प्राण्यांच्या दवाखान्यांसाठीचं तयार सॉफ्टवेअर. किमतीवरून निवड करण्याआधी एक उदाहरण तिन्हीतून चालवून पाहा.

२०२६मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. समजा, ब्रूनो ५ तारखेला येतो आणि ९ला सकाळी जातो. त्याच केनेलमध्ये ९ला संध्याकाळी सिंबा येतो आणि १२पर्यंत राहतो. सिंबाची रेबीजची लस १० नोव्हेंबरपर्यंतच चालू आहे. इथे वेबसाइटला दोन गोष्टी कळायला हव्यात. ९ तारखेला दोघांची टक्कर होत नाही, पण सिंबाचं बुकिंग असंच पक्कं करता येत नाही.

गूगल शीटमध्ये पहिली गोष्ट जमते. B मध्ये केनेलचा क्रमांक, C मध्ये येण्याची तारीख, D मध्ये जाण्याची तारीख असेल तर दुसऱ्या ओळीत हे सूत्र टाकून खाली ओढायचं:

```
=COUNTIFS(B:B,B2,C:C,"<"&D2,D:D,">"&C2)
```

उत्तर १ आलं तर ठीक, कारण ओळ स्वतःलाही मोजते. २ किंवा जास्त आलं तर टक्कर आहे. चिन्हं `<` आणि `>` अशीच ठेवा. `<=` आणि `>=` टाकलंत तर ब्रूनो निघाल्या दिवशी सिंबाला जागा दिसणार नाही आणि ऐन दिवाळीत केनेल रिकामं राहील. शीटचं लोकेल भारत आहे ना, हेही आधी तपासा. अमेरिकेचं असेल तर 05/11 म्हणजे ११ मे होतो आणि सूत्र मुकाट्याने चुकीचं उत्तर देतं.

पण हे सूत्र नोंद झाल्यावर बोलतं. शेवटच्या केनेलसाठी दोघांनी एकाच मिनिटाला फॉर्म भरला तर दोघांनाही ‘धन्यवाद’ दिसतं. म्हणून फॉर्मवर ‘बुकिंग’ न लिहिता ‘बोर्डिंगची विनंती’ लिहा आणि फोन करूनच जागा पक्की करा. फोनवर आलेलं बुकिंगही त्याच शीटमध्ये गेलं पाहिजे. हे पाळलं जात असेल तर तीन-चार केनेलपर्यंत शीट पुरते.

वर्डप्रेसमध्ये प्लगइनच्या जातीवर बरंच अवलंबून असतं. अपॉइंटमेंटचं प्लगइन तासांत विचार करतं, बोर्डिंगला रात्री मोजणारं, हॉटेलच्या खोल्यांसाठीचं प्लगइन लागतं. विकत घेण्याआधी दोन फोनवरून एकाच वेळी शेवटचं केनेल बुक करून पाहा. यूपीआयचे पैसे अडकले असताना जागा किती मिनिटं धरून ठेवली जाते, तेही बघा. जाण्याची वेळ सकाळी ११ आणि येण्याची दुपारी ४ अशी ठेवली तर मध्ये केनेल धुऊन, जंतुनाशक लावून, वाळवायला वेळ मिळतो. (नुसत्या फिनेलवर भागवू नका, पार्वोचा विषाणू त्याला दाद देत नाही.)

आता दुसरी गोष्ट, लस. लस नुसती येण्याच्या तारखेला नाही, जाण्याच्या तारखेपर्यंत चालू आहे का, ते तपासायचं असतं. सिंबा ९ला आत येताना नियमात बसतो, ११ला बसत नाही. शिवाय दारात आल्यावर लस टोचून भागत नाही. केनेल कफची नाकात देण्याची लससुद्धा काम करायला साधारण तीन दिवस घेते, आणि लेप्टोस्पायरोसिसचा पहिलाच डोस असेल तर दुसरा दोन ते चार आठवड्यांनी लागतो. म्हणून बुकिंग झाल्याक्षणी तारीख तपासून मालकाला निरोप जायला हवा, आदल्या दिवशी नाही.

इथे तयार सॉफ्टवेअर पुढे जातं, कारण केसपेपर, लस आणि बोर्डिंग एकाच प्राण्याच्या नावावर असतात. वर्डप्रेसमध्ये बुकिंग एकीकडे आणि लसकार्डाचा फोटो दुसरीकडे राहतो. फोटोतली तारीख कोणतंच प्लगइन आपणहून तपासत नाही, कुणीतरी ती हाताने भरावी लागते. अर्थात तयार सॉफ्टवेअरवरही डोळे मिटून विसंबू नका. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये रेबीजचा बूस्टर तीन वर्षांनी धरलेला असू शकतो, आपल्याकडे बहुतेक दवाखाने तो दरवर्षी देतात. पिल्लाच्या पुढच्या डोसची तारीखही आधीचा डोस प्रत्यक्ष दिला त्या दिवसापासून मोजली जाते का, ते पाहा. आधी आखलेल्या तक्त्यावरून मोजत असेल तर एक डोस दहा दिवस उशिरा झाला की पुढचं अंतर कमी पडतं.

आठवणीचे निरोप वेळेवर न जाण्यामागे बहुधा साधी कारणं असतात. वर्डप्रेसचं वेळापत्रक साइटवर कुणी आलं तरच हलतं. दिवसभर कुणी फिरकलं नाही तर सकाळी ९चा निरोप रात्री जातो. होस्टिंगवाल्याकडून सर्व्हरचा खरा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम सुरू करणारी सोय, लावून घेतला की हा प्रश्न सुटतो. व्यावसायिक एसएमएससाठी डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत, दवाखान्याची, निरोप पाठवणाऱ्याच्या नावाची म्हणजे हेडरची आणि मजकुराच्या टेम्प्लेटची नोंदणी लागते. मोफत व्हॉट्सॲप बिझनेसची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप मिळतो. पण सगळ्यात वाईट चूक तांत्रिक नाही. गेल्या महिन्यात गेलेल्या कुत्र्याच्या नावाने ‘मोतीच्या लसीची वेळ झाली’ असा निरोप घरी जातो. प्राण्याच्या नोंदीत ‘हयात, मृत, दुसरीकडे दिला’ असा रकाना हवा आणि तो बदलताच सगळे निरोप थांबले पाहिजेत. विक्रेत्याला हे तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा.

मालकांच्या माहितीकडे आपण नाव आणि नंबर एवढंच म्हणून बघतो. पण बोर्डिंगच्या यादीत पत्ता, फोन आणि घर कोणत्या तारखांना रिकामं आहे, हे एका ओळीत असतं. चोराला आणखी काय हवं? ‘लिंक असलेला कोणीही’ अशी उघडी शीट म्हणूनच धोक्याची. वर्डप्रेसमध्ये फॉर्ममधून आलेले लसकार्डाचे फोटो अनेकदा `/wp-content/uploads/` मध्ये पडतात आणि पत्ता माहीत असला की लॉगिनशिवाय उघडतात. तपासायला एक फोटो चढवा, त्याची लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत टाका. फोटो दिसला तर ते प्लगइन नको. बोर्डिंगसाठी आधार मागायचं काही कारण नाही, आणि घरून ने-आण करत नसाल तर पत्ताही कशाला?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. संमती घेताना द्यायची सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय मालकाला द्यावा लागतो. लसीची आठवण आणि खाद्याची जाहिरात यांच्यासाठी वेगवेगळ्या चौकटी ठेवा, आधीच टिक करून ठेवू नका.

एकूण पाहता, सहा केनेल आणि बाहेरून येणारे कुत्रे असतील तर तयार सॉफ्टवेअर घ्यावं असं आमचं मत. वर्डप्रेस त्यांनीच घ्यावं, ज्यांच्याकडे दर महिन्याला अपडेट आणि बॅकअप बघणारा माणूस आहे. सॉफ्टवेअरचे वर्षाचे पैसे भरण्याआधी चाचणीच्या खात्यात पाच प्राणी भरा आणि सगळी माहिती बाहेर काढून मागा. लसीचं नाव, दिल्याची तारीख आणि पुढची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत आली तर ठीक. पीडीएफ हातात ठेवला, तर उद्या सॉफ्टवेअर बदलताना प्रत्येक केसपेपर पुन्हा टाइप करावा लागेल.