उन्हाळी टोमॅटोला आच्छादन: काड-पाचट की मल्चिंग पेपर?

दहा गुंठे टोमॅटो किंवा मिरची, ठिबक आहे, लागवड मार्चमध्ये. दुकानात विचारलं तर मल्चिंग पेपरच घ्या म्हणतील, आणि थंडीतल्या लागवडीसाठी तो सल्ला बरोबरही आहे. मार्चच्या लागवडीला मात्र तो डोळे झाकून मानू नये.

टोमॅटोच्या मुळांना साधारण २० ते ३० अंश तापमान मानवतं. एप्रिलच्या दुपारी उघड्या जमिनीचा वरचा थर त्याच्या बराच वर जातो. काळा पेपर मातीला घट्ट चिकटलेला असेल तर तो ऊन शोषून ती उष्णता थेट खाली देतो, आणि वरच्या दोन इंचांत माती उघड्या जमिनीपेक्षा आणखी तीन-चार अंशांनी तापते. चंदेरी बाजू वर ठेवली तर बरंचसं ऊन परतवलं जातं, पण माती थंड झाली असं होत नाही. ती उघड्या जमिनीइतकी किंवा थोडी जास्तच तापलेली राहते, आणि रात्रीही लवकर निवत नाही. काडाचं उलट आहे. तीन-चार इंचांचा थर ऊन वरच अडवतो, त्यामुळे भर दुपारी माती उघड्या जमिनीपेक्षा चार-पाच अंशांनी सहज थंड असते. एक साधा माती-थर्मामीटर चार इंच खोल खुपसून दुपारी तीनला दोन्हीकडे बघा, वाद मिटेल.

पेपरचा खरा धोका छिद्रापाशी असतो. खालची तापलेली हवा बाहेर पडायला तीच एक वाट असते, आणि ती रोपाच्या बुंध्यालाच लागते. रोप दुपारी मान टाकतं, मातीलगतचं खोड करपून बारीक होतं. पुष्कळ जण याला मर रोग समजून बुरशीनाशक ओततात. खोड फक्त पेपरला टेकणाऱ्या बाजूनेच भाजलेलं असेल तर तो उन्हाचा चटका समजावा. पेपर वापरायचाच असेल तर छिद्र तीन इंचांचं पाडा, लागवड संध्याकाळी करा आणि छिद्राच्या कडेवर मूठभर माती टाका. झाडाची सावली बेडवर पडेपर्यंतचे पहिले तीन-चार आठवडे नाजूक. म्हणूनच जानेवारीअखेरच्या लागवडीला हा त्रास फारसा होत नाही. ऊन वाढेपर्यंत झाडाने बेड झाकलेला असतो.

ओलाव्यात पेपर सरस. बाष्पीभवन जवळजवळ थांबतं. पण आतली माती दिसत नसल्याने जुन्या सवयीने ठिबक चालवलं जातं आणि वापसा कधी येतच नाही. आठवड्यातून दोनदा छिद्रातून हात घालून माती मुठीत दाबून बघावी. काडाखाली थोडी वाफ जातेच, पाणी पेपरपेक्षा जास्त लागतं. तरी उघड्या जमिनीच्या मानाने पाळी लांबवता येते. ठिबकची नळी काडाच्या खाली हवी. वर ठेवली तर काडच पाणी पितं.

तणात पेपरला तोड नाही, अपवाद लव्हाळ्याचा. त्याचं टोक पेपर भोकसून वर येतं. ते काडातूनही येतं, पण तिथे निदान खुरप्याने काढता येतं. काडाचा थर दोन इंचांवर आला की तण डोकावतं आणि झडलेल्या दाण्यांतून गहूही उगवतो, त्यामुळे एखादी खुरपणी धरूनच चला.

आता दहा गुंठ्यांचा हिशोब. बेड दीड मीटरवर असतील तर एकूण लांबी पावणेसातशे मीटरच्या आसपास भरते. चारशे मीटरचे दोन रोल पुरतात, थोडा पेपर उरतो. काड बेडच्या पाऊण मीटर माथ्यावर आठ सेंटीमीटर जाड टाकायचं तर सुमारे चाळीस घनमीटर लागतं, म्हणजे ट्रॅक्टरच्या बऱ्याच खेपा. इथेच बहुतेकांचा बेत फिसकटतो. मळणीयंत्राचा बारीक भुसा घेऊ नका. तो वाऱ्याने उडतो, आणि जनावरांच्या तोंडचा म्हणून महागही. जवळपास ऊस असेल तर पाचट सर्वांत चांगलं: लांब, जड, सावकाश कुजणारं. पट्ट्यात वाळवी असेल तर मात्र दर आठवड्याला थर उचलून बघावं लागेल.

मार्चच्या मध्यानंतरची लागवड आणि पाचट हाताशी, तर मी पाचटच निवडेन: रोपं रुजल्यावर, ओल्या बेडवर, बुंध्यापासून दोन इंच सोडून. पाचट नाही, मजूर नाही, पाणी तुटपुंजं, तर चंदेरी-काळा पेपर, तोही तीस मायक्रॉनचा. पातळ पेपर हंगामाअखेर उचलताना फाटतो आणि तुकडे मातीत राहतात. मधला मार्गही आहे: पेपर अंथरून ऊन वाढलं की त्यावर पातळ पाचट पसरायचं. अर्ध्याहून कमी पाचटात भागतं आणि छिद्रापाशीचा चटकाही कमी होतो.

मेमध्ये फुलगळ झाली तर दोष आच्छादनाला देऊ नका. ती तापलेल्या हवेने आणि गरम रात्रींनी होते. तिथे शेडनेट लागतं.