प्रक्षेपणाच्या पैशाची वाटणी: तीन रीती आणि आमचा अनुभव

इंदूरमधील आमच्या आठ क्लबांच्या खो-खो स्पर्धेच्या सामन्यांचे प्रक्षेपणाचे हक्क एका स्थानिक वाहिनीने विकत घेतले, तेव्हा मिळालेली रक्कम वाटून देण्याचे काम समितीत माझ्याकडे आले. ग्वाल्हेरच्या एका मंडळापुढे आता हाच प्रश्न उभा राहिला आहे, म्हणून मी तपासलेल्या रीती आणि त्यांतून केलेली निवड येथे मांडतो.

पहिली रीत म्हणजे प्रत्येक क्लबने आपले हक्क स्वतंत्रपणे विकणे. स्पेनच्या फुटबॉलमध्ये 2015 पर्यंत तेच चालत होते. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांना वर्षाला प्रत्येकी सुमारे 14 कोटी युरो मिळत, तर तळाच्या क्लबांना त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावर भागवावे लागे. लहान क्लबने एखादा चांगला खेळाडू घडवला, तरी त्याला पुढच्या हंगामात टिकवून ठेवण्याइतका पैसा त्याच्या हाती उरत नसे. अखेर 2015 मध्ये सरकारला वटहुकूम काढून एकत्र विक्री सक्तीची करावी लागली. आठ क्लबांच्या स्पर्धेने हा मार्ग धरू नये, एवढेच मी सांगेन.

दुसरी रीत इंग्लंडच्या प्रीमियर लीगने प्रसिद्ध केली. तिथे हक्क एकत्र विकले जातात आणि देशांतर्गत रकमेचा निम्मा भाग सर्वांना समान मिळतो. उरलेल्या निम्म्यातून एकूण रकमेचा एक चतुर्थांश गुणतक्त्यातील स्थानावर आणि दुसरा चतुर्थांश किती सामने थेट दाखवले यावर ठरतो. आम्ही आरंभी हीच रीत जशीच्या तशी उचलली आणि तिच्यातला शेवटचा चतुर्थांश आम्हाला चांगलाच नडला.

आमच्याकडे एकूण 4,32,000 रुपये होते. निम्म्या रकमेतून प्रत्येक क्लबला 27,000 मिळाले. स्थानाच्या भागातून विजेत्याला 24,000, दुसऱ्याला 21,000, असे उतरत शेवटच्याला 3,000 मिळाले. वाहिनीने 20 सामने थेट दाखवले, म्हणजे दोन्ही संघ धरून 40 हजेऱ्या झाल्या आणि प्रत्येक हजेरीला 2,700 रुपये आले. विजेता संघ तीनदाच दिसला होता, म्हणून त्याची एकूण रक्कम 59,100 झाली. तिसऱ्या आलेल्या संघाचे मैदान दिव्यांचे आणि वाहिनीच्या गाडीला सोयीचे असल्यामुळे तो अकरा वेळा दिसला आणि त्याला 74,700 मिळाले. जिंकलेल्या मुलांच्या प्रशिक्षकांनी हिशेबाचा कागद दोनदा वाचला आणि काही न बोलता खाली ठेवला. तो प्रसंग मला अजूनही अस्वस्थ करतो. इंग्लंडमध्येही 2015-16 च्या हंगामात विजेत्या लेस्टरपेक्षा दुसऱ्या आलेल्या आर्सेनलला अधिक रक्कम मिळाली होती, आणि त्यामागे मुख्य कारण थेट प्रक्षेपणाच्या संख्येचेच होते.

या भागातला खरा धोका असा, की कोणता सामना दाखवायचा हे वाहिनी ठरवते आणि ती आधीच लोकप्रिय असलेल्या संघाकडे वळते. त्या पैशातून तो संघ चांगले खेळाडू घेतो, त्यामुळे पुढच्या वर्षी तो अधिक दिसतो, आणि ही तफावत दरवर्षी थोडी थोडी वाढत जाते. प्रीमियर लीग कमी दिसलेल्या क्लबलाही किमान हजेऱ्यांचे पैसे देते. त्याने तळाला आधार मिळतो, पण वरचे टोक मोकळेच राहते.

म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही तिसरी रीत स्वीकारली. प्रक्षेपणाचा भाग रद्द करून तो समान वाट्यात मिळवला आणि स्थानाचा चतुर्थांश तसाच ठेवला. त्याच रकमेवर आता विजेत्याला 64,500, तिसऱ्याला 58,500 आणि शेवटच्याला 43,500 मिळतात. पूर्वी सर्वाधिक आणि सर्वांत कमी रकमेत दुपटीहून अधिक अंतर होते, ते दीडपटीच्या आत आले. अमेरिकन फुटबॉलची लीग एनएफएल राष्ट्रीय प्रक्षेपणाचा पैसा बत्तीसही संघांत सारखाच वाटते. मला मात्र स्थानाचा वाटा पूर्ण काढून टाकणे पटले नाही, कारण स्पर्धा संपत आली असताना पाचव्या आणि सहाव्या संघालाही जिंकण्याचे कारण उरले पाहिजे.

या वाटणीने सगळे सुटते, असे मी म्हणणार नाही. जर्मनीच्या फुटबॉलमध्ये हक्क एकत्र विकले जात असूनही बायर्न म्युनिकने 2013 ते 2023 सलग अकरा विजेतेपदे मिळवली, कारण युरोपीय स्पर्धांचे आणि प्रायोजकांचे उत्पन्न या वाटणीच्या बाहेर राहते. आमच्याकडे असे बाहेरचे उत्पन्न जवळजवळ नाही, म्हणून ही रीत येथे अधिक परिणामकारक ठरली असावी. ग्वाल्हेरच्या मंडळातील एखाद्या क्लबमागे मोठा प्रायोजक असेल, तर स्थानाचा वाटाही थोडा कमी करावा, असे मला वाटते.

दिव्यांचे मैदान असलेल्या क्लबने या बदलावर केलेली तक्रार अगदीच गैर नव्हती, कारण वीज आणि मंडपाचा खर्च तोच उचलत होता. म्हणून आता प्रत्येक थेट सामन्याच्या यजमानाला त्याच्या पावत्यांप्रमाणे प्रत्यक्ष खर्च एकूण रकमेतून आधी दिला जातो आणि वाटणी त्यानंतर होते.