नऊ ऑगस्टचा आठ सप्टेंबर झाला: तक्रारीच्या इंग्रजी भाषांतराचा सात महिन्यांचा अनुभव

दिल्लीच्या वकिलांचा फोन आला तेव्हा मी भरतकामाच्या मशीनवर शाळेचे बॅज काढत होते. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या कागदांप्रमाणे पहिला बिघाड वॉरंटी संपल्यावर झालाय. मग रिव्हिजन कशाच्या जोरावर करायची?" मी चाटच पडले. मशीन 17 ऑगस्ट 2021 ला घेतलं, वॉरंटी एक वर्षाची, म्हणजे 16 ऑगस्ट 2022 पर्यंत. कंट्रोल बोर्ड जळला तो 9 ऑगस्टला. सात दिवस शिल्लक असताना. हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल.

मेकॅनिकच्या हातच्या मराठी पावतीवर लिहिलं होतं ९/८/२२. इंग्रजी भाषांतरात झालं होतं 'सप्टेंबर 8, 2022'. भाषांतर करणाऱ्याने आकडा बदलला नव्हता, महिना आधी धरून वाचला होता, एवढंच. तेवढ्याने मी वॉरंटीच्या तेवीस दिवस बाहेर गेले.

थोडी पार्श्वभूमी सांगते. या मशीनच्या तक्रारीत सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी जिंकले होते. मशीनची किंमत 1,75,000 रुपये, तक्रार दाखल केल्यापासून 9 टक्के व्याज, शिवाय त्रासापोटी आणि खर्चापोटी रक्कम, असा आदेश होता. कंपनी राज्य आयोगात अपिलात गेली आणि तिथे आदेश फिरला. आता दिल्लीत राष्ट्रीय आयोगापुढे रिव्हिजन, म्हणजे राज्य आयोगाचा आदेश पुन्हा तपासून घेण्याचा अर्ज, करायची, तर मुदत नव्वद दिवसांची, आणि मराठी कागद इंग्रजी भाषांतराशिवाय तिथे चालत नाहीत. तक्रार, शपथपत्र, जिल्हा आयोगाचा मराठी आदेश, पावत्या, व्हॉट्सअॅपचे मेसेज मिळून एकेचाळीस पानं भरली. पहिल्यांदा मी पैसे वाचवले. सात रस्त्याजवळ एका टायपिंगवाल्याकडे साठ रुपये पानाप्रमाणे 2,460 रुपयांत चार दिवसांत सगळं हातात आलं. इंग्रजी वाचायला छान होतं, मी मान डोलावली आणि दिल्लीला कुरियर केलं.

त्या फोननंतर मुलीला समोर बसवलं. तिच्या हातात मराठी, माझ्या हातात इंग्रजी. एकेक तारीख, एकेक आकडा मोठ्याने वाचला, तेव्हा बाकीचं बाहेर आलं.

तक्रारीच्या दुसऱ्या परिच्छेदात मशीन 'पावणेदोन लाखांना' घेतलं असं होतं. भाषांतरात 2,25,000. पावणे आणि सव्वा यांची गल्लत. खाली विनंतीच्या कलमात मात्र 1,75,000 बरोबर उतरलं होतं. म्हणजे एकाच तक्रारीत मी दोन किमती सांगत होते, आणि समोरच्या वकिलाने पहिल्याच दिवशी ते हेरलं असतं.

आदेशातल्या 'द.सा.द.शे. 9 टक्के' मधले द.सा. गळून फक्त 'नऊ टक्के' राहिलं होतं. दर साल दर शेकडा म्हणजे दरवर्षी शंभराला नऊ. 1,75,000 वर एका वर्षाचे 15,750 रुपये, दोन वर्षांचे 31,500. 'दर साल' गेलं की ते एकदाच द्यायचे 15,750 आहेत असं कुणीही वाचेल.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र एका वाक्यात होतं. मराठीत आहे, 'सदर मशीन मी स्वतः चालवून माझा व कुटुंबाचा उदरनिर्वाह करण्यासाठी घेतले.' इंग्रजीत झालं 'कौटुंबिक व्यवसायासाठी घेतले'. राज्य आयोगात माझं प्रकरण पडलं ते नेमकं याच मुद्द्यावर. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे व्यावसायिक कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक होत नाही, पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतली असेल तर होतो. ज्या वाक्यावर उभं राहून मला लढायचं होतं, तेच माझ्याविरुद्ध गेलं होतं. तरीही खरं सांगते, माझा संताप आजही त्या तारखेवर जास्त आहे. उदरनिर्वाहाचा शब्द चुकू शकतो, तिथे विचार करावा लागतो. ९/८ वाचायला काय विचार लागतो?

दुसऱ्यांदा मी एका निवृत्त कोर्ट स्टेनोग्राफर सरांकडे गेले. अशोक चौकाच्या मागे घर. 250 रुपये पान, म्हणजे 10,250. घासाघीस केली, एक रुपया कमी झाला नाही. दिवस लागले एकोणीस, आणि माझ्या नव्वदातले आधीच बरेच गेले होते. तेव्हा मी मुलीला म्हणाले होते की हे सर जरा जास्तच करतात.

त्यात भर म्हणजे वाद झाला. तक्रारीच्या चौथ्या परिच्छेदात मी लेखी कळवल्याची तारीख 12/08/2022 टाइप झाली आहे आणि पोस्टाच्या पावतीवर शिक्का 11 तारखेचा. चूक आमच्या वकीलसाहेबांच्या टायपिस्टची. मी म्हटलं, "सर, आता हात घातलाच आहे तर इंग्रजीत 11 करून टाका." सर म्हणाले, "ताई, मूळ कागदात 12 आहे, मी 12 च लिहिणार." आणि त्यांनी 12 लिहून शेजारी चौकटी कंसात 'मुळात असेच' अशा अर्थाची खूण केली. मला राग आला. पैसे माझे, तारीख माझी, चूकही माझ्याच बाजूची.

आता वाटतं, सर बरोबर होते. भाषांतराबरोबर ते खरं आणि अचूक असल्याचं शपथपत्र जोडलं आणि त्यावर सही सरांची. नोटरी फक्त सही आणि शपथ बघतो, आतलं भाषांतर तपासत नाही. 12 चं 11 झालं असतं तर मराठी प्रत शेजारी ठेवताच भाषांतर खोटं ठरलं असतं, आणि मग बाकीच्या बरोबर तारखांवरही कुणी विश्वास ठेवला नसता. तो एक दिवसाचा फरक वकिलांनी अर्जात वेगळ्या वाक्यात समजावला. ती दुरुस्ती करायची जागा तीच.

सरांच्या कामात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे महिना कायम अक्षरात. ९/८/२२ चं त्यांनी '9 ऑगस्ट 2022' केलं आणि तळटीप दिली की मूळ पावतीवर दिवस, महिना, वर्ष याच क्रमाने आकडे आहेत. रकमा जशा मुळात तशाच, लाखाच्या स्वल्पविरामासकट. पावणेदोन लाख शब्दांत आणि आकड्यांतही. 'द.सा.द.शे.' पूर्ण उलगडून. व्हॉट्सअॅपवर डीलरचा मेसेज होता, 'परवा माणूस पाठवला होता'. परवा मागचाही असतो आणि पुढचाही. सरांनी क्रियापद बघून 'दोन दिवसांपूर्वी' केलं, आणि मेसेजची तारीख तिथेच शेजारी ठेवली.

तक्रार एकच आहे. पावत्यांवरचे शिक्के, आडव्या सह्या, कोपऱ्यातली पेन्सिलची टिपणं हे सगळं ते भाषांतरित करतात आणि त्याचंही पान मोजतात. मेकॅनिकच्या एका पावतीच्या मागे त्याने धाग्याचा हिशेब लिहिला होता, माझ्या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही. त्याचे 250 रुपये गेले. झेरॉक्स काढताना कोरी नसलेली मागची बाजू आपणच बघून घ्यायला हवी होती, आणि त्या पानाची गरज आहे का हे वकिलांना आधी विचारायला हवं होतं.

रिव्हिजन मुदतीत दाखल झाली. माझे दोन्ही खर्च मिळून 12,710 रुपये भाषांतरात गेले, आणि त्यातले पहिले 2,460 अजून मनाला लागतात. मागच्या आठवड्यात आणखी तीन मराठी पानं द्यायची होती. सरांकडे नेण्याआधी मी प्रत्येक पानावरच्या तारखा वेगळ्या कागदावर महिना अक्षरात लिहून काढल्या. सरांनी तो कागद बघितला, मूळ पानांशी ताडून घेतला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाले, "बरोबर आहेत ताई, पण मी मुळावरूनच करणार."