चौफुलीवरून सुटलेल्या दोन गाड्या: वर्गमूळ घ्यावं की वर्गच राहू द्यावा?

बारावीला डेरिव्हेटिव्हचे उपयोग सुरू झाले की काटकोनातल्या रस्त्यांवरच्या दोन गाड्यांचं गणित येतंच. ते सोडवायच्या दोन वाटा आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी शिकवणी घेतो आणि दोन्ही वाटांनी बरीच वर्षं शिकवून झालं आहे. कोणती धरावी असं मुलं विचारतात, म्हणून माझा अनुभव लिहितो.

गणित आमच्याच चौफुलीवरचं घेऊ. कापसाचा मेटॅडोर पूर्वेला ताशी ४८ किमीने निघाला. २० मिनिटांनी जीप उत्तरेला ताशी ६० किमीने सुटली. जीप सुटून अर्धा तास झाला, त्या क्षणी दोघांमधलं अंतर किती वेगाने वाढतंय?

वर्गमूळवाली वाट अशी: जीप सुटल्यापासूनचा वेळ t तास धरला, तर २० मिनिटांत मेटॅडोर १६ किमी पुढे गेलेला असतो. म्हणून D = √((16 + 48t)² + (60t)²). कंस सोडवले की मुळाखाली 5904t² + 1536t + 256 उरतं. याचं डेरिव्हेटिव्ह घेऊन t = 0.5 घातलं की वर ७४४०, खाली २×५०, उत्तर ताशी ७४.४ किमी.

वर्गवाली वाट: D² = x² + y² तसंच ठेवायचं आणि दोन्ही बाजूंचं वेळेनुसार डेरिव्हेटिव्ह घ्यायचं. सगळीकडचे दोन कटतात, उरतं D·D′ = x·x′ + y·y′. त्या क्षणी मेटॅडोर ४० किमीवर, जीप ३० किमीवर, अंतर ५०. (४०×४८ + ३०×६०) ÷ ५० = ७४.४. झालं.

उत्तर एकच येतं, आणि आकडेमोडीचा फरक मुलं सरावाने भरून काढतात. माझा कल ठरला तो वेगळ्याच त्रासामुळे. वर्गमूळवाल्या वाटेत t शिवाय पाऊल पुढे पडत नाही, आणि गाड्या वेगवेगळ्या वेळी सुटल्या की पोरगं हमखास विचारतं, “सर, टाइम कोन्या गाडीचा धरू जी?” कोणताही धरला तरी चालतो, पण शेवटपर्यंत तोच धरावा लागतो. दरवर्षी वर्गात कुणीतरी सूत्र जीपच्या घड्याळाने मांडतं आणि वेळ मात्र मेटॅडोरच्या घड्याळाचा, म्हणजे ५० मिनिटांचा घालतं. उत्तर येतं ताशी जवळपास ७५.८. चूक म्हणावी तर हा आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो! १०८ आलं असतं तर वेगांची नुसती बेरीज झाली हे लगेच कळलं असतं. इथे संशयच येत नाही. मी स्वतः एकदा फळ्यावर हीच गल्लत केली आणि तास संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आली नाही. म्हणून या वाटेने जाणाऱ्याने निदान त्या क्षणीचं D काढून बघावं. ५० ऐवजी ७५ येत असेल तर घड्याळ बदललंय.

वर्गवाल्या वाटेतही वेळ लागतो, पण फक्त ४० आणि ३० काढण्यापुरता. प्रत्येक गाडीला तिचं स्वतःचं घड्याळ: मेटॅडोरला ५० मिनिटं, जीपला ३०. घड्याळं एकत्र येतच नाहीत. तिचा धोका एकच, पण मोठा. ४०, ३०, ५० हे आकडे डेरिव्हेटिव्ह घेण्याआधीच घातले तर सगळेच अचल होतात आणि उत्तर शून्य येतं. मात्र ही चूक लपत नाही; दूर जाणाऱ्या गाड्यांचं अंतर वाढतच नाही, हे पोरांनाही पटत नाही.

वर्गमूळवाली वाट टाकाऊ नाही, हेही सांगायला हवं. वेग किती वाजता ताशी ७० होईल, असं विचारलं तर मला तीच सोयीची वाटते. हा वेग जीप सुटताना ४८ असतो, मग वाढत जातो आणि ७६.८ च्या जवळ जातो, पण तिथे पोचत नाही. हेही तिच्यातूनच नीट दिसतं. दोन्ही गाड्या एकाच वेळी सुटल्या असत्या, तर मुळातून t बाहेर आला असता आणि वेग पहिल्यापासून तोच ७६.८ राहिला असता. पायथागोरस थेट वेगांना लावायची सवय मुलांना या सोप्या प्रकारातूनच लागते, आणि २० मिनिटांचा फरक आला की ती फसवते.

तरी परीक्षेला बसणाऱ्याला मी वर्गवालीच सांगेन. याच गणितात जीप ३० किमीवर पोचली आणि पुढे रेल्वेचं फाटक बंद मिळालं, असं समजा. मेटॅडोर चालूच आहे. जीप थांबल्या थांबल्या अंतर किती वेगाने वाढतंय? वर्गमूळवाल्याला सूत्र नव्याने मांडावं लागतं. वर्गवाला y′ च्या जागी शून्य लिहितो, ४०×४८ ला ५० ने भागतो आणि ताशी ३८.४ लिहून पुढच्या गणिताला लागतो.